‘आणि शोभा म्हणाली,’ : अर्धवट प्रसंगापाशी थांबलेल्या लेखिकेला काय विचारायचं?

*मी आणि माझी मैत्रीण मिळून दिवाळी अंकासाठी कथा लिहितोय, साधारण तीन हजार शब्दांची. तिने चारशे शब्दांची सुरुवात लिहून पाठवली आणि प्रसंगाच्या मधेच थांबली. म्हणाली, ‘पुढचं तू घे.’ तिच्या मजकुराचा शेवट असा आहे :*

*“सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा कुठे शोभाने माळ्यावरची भांडी खाली काढली. दुकानदार एकेक नग काट्यावर ठेवत होता. परात. दोन तांबे. घंगाळ. कळशीपाशी त्याचा हात थांबला. ‘ताई, हे नाव बघितलंत का?’ शोभाने पदराने कळशीचा गळा पुसला. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. चि. सौ. कां. इंदूस मामांकडून, १९६८. घरात इंदू नावाचं कोणी नव्हतं. ‘साडेतीन किलो,’ दुकानदार म्हणाला. ‘घालू ना मोडीत?’ आणि शोभा म्हणाली,”*

*बस, इथेच. मी विचारलं, ‘पुढे काय होणार आहे?’ ती म्हणाली, ‘ते तूच ठरव.’ मग इंदू ही सासऱ्यांची पहिली बायको असं धरून मी चार पानं लिहिली. त्यावर ती म्हणाली, ‘चांगलं आहे, पण माझ्या डोक्यात असं नव्हतं.’ कसं होतं ते मात्र तिला सांगता येईना. मी तिला नेमकं काय विचारायला हवं होतं?*

तुमची मैत्रीण दोन्ही वेळा खरंच बोलली, असं मला वाटतं. पुढच्या घटना तिने ठरवलेल्या नव्हत्या, म्हणून ‘तूच ठरव’. आणि तरीही तुमची पानं वाचताना काहीतरी खटकलं, म्हणून ‘असं नव्हतं’. यात विसंगती नाही. चारशे शब्द लिहिणाऱ्याने कथानक ठरवलेलं नसलं तरी दुसरं बरंच काही ठरवून झालेलं असतं : कोणाच्या नजरेतून बघायचं, किती सावकाश जायचं, कोणाला किती माहीत आहे. हे निर्णय हात लिहिता लिहिता घेत जातो. लेखिकेला ते ‘दिशा’ म्हणून सांगता येत नाहीत, कारण ते घटनांच्या रूपात तिच्याजवळ नसतातच. तुम्ही घटना विचारलीत, आणि तिच्याकडे द्यायला घटना नव्हती.

तेव्हा प्रश्न विचारायचे ते जे लिहून झालंय त्याबद्दल. पुढचा रस्ता त्यातूनच निघतो. पण त्यासाठी प्रश्न विचारण्याआधी मजकूर पेन्सिल घेऊन वाचावा लागतो. अंकाच्या कामात जोडीने लिहिलेल्या कथा माझ्याकडे येतात. त्यांतल्या ज्या मध्यावर फाटलेल्या असतात, त्यांत बहुतेक वेळा दुसऱ्या लेखकाने पहिल्याचा मजकूर गोष्ट समजून घेण्यासाठी वाचलेला असतो, निर्णय शोधण्यासाठी वाचलेला नसतो. तुमच्या मजकुरातल्या दोन-तीन जागा घेते, म्हणजे मी काय म्हणते ते लक्षात येईल.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे ‘घरात इंदू नावाचं कोणी नव्हतं.’ हे कोण म्हणतंय? मराठीत आपण तृतीयपुरुषी निवेदनात पात्राच्या मनातलं वाक्य अवतरणचिन्हांशिवाय सहज घालतो, आणि वाचणाऱ्यालाही ते चालतं. त्यामुळे या वाक्याचे दोन अर्थ होतात. हे कथा सांगणाऱ्याचं विधान असेल, तर ती गोष्टीतली वस्तुस्थिती झाली : इंदू ही बाहेरची कोणीतरी आहे. पण हे शोभाच्या मनात आलेलं वाक्य असेल, तर ते चुकीचं असू शकतं. घरात इंदू होती, शोभाला ते माहीत नव्हतं. तुम्ही पहिला अर्थ धरलात आणि म्हणून तुम्हाला बाहेरची बाई शोधावी लागली. पहिली बायको तिथूनच आली. मजकुरात दुसऱ्या अर्थाला भरपूर जागा आहे. आधीच्या ओळीत शोभा पदराने गळा पुसते, अक्षरं ‘वर येतात’ ती तिच्या डोळ्यांना. कॅमेरा सगळा तिच्या खांद्यावर आहे.

दुसरी जागा ‘चि. सौ. कां.’ हे आपण लग्न व्हायचं असलेल्या मुलीच्या नावाआधी लिहितो. लग्नपत्रिकेत असतं तसंच. म्हणजे १९६८मध्ये मामांनी भाचीच्या लग्नात द्यायची म्हणून कळशी घेतली, दुकानातच नाव घालून घेतलं आणि त्या वेळी ती अजून माहेरच्या नावाने ओळखली जात होती. पुढे ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं असेल आणि इंदू हे नाव कळशीवर तेवढं उरलं असेल. म्हणजे सासूबाईच इंदू. गेली कित्येक वर्षं शोभाने ज्यांना ‘आई’ म्हणून हाक मारली त्यांचं लग्नाआधीचं नाव तिला मोडीच्या काट्यावर कळतंय. हे मैत्रिणीच्या डोक्यात होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती तीन अक्षरं सवयीनेही पडलेली असू शकतात, कारण भांड्यावरच्या नावाचा तो साचाच आहे. पण म्हणूनच ती जागा विचारायची आहे.

तिसरी गोष्ट चालीची. ‘परात. दोन तांबे. घंगाळ.’ एकेका नगाला एकेक वाक्य. चारशे शब्दांत घड्याळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटं पुढे सरकलं असेल. या चालीने तीन हजार शब्दांत फार तर एखादी दुपार मावते. तुमच्या चार पानांत काय झालं असेल याचा अंदाज मला न वाचताही करता येतो : सासऱ्यांचं पहिलं लग्न, तिचं जाणं, दुसरं लग्न, घरात पाळलेलं मौन. म्हणजे काही वर्षं. ती वर्षं बसवायला तुम्हाला सारांशाने लिहावं लागलं असणार, ‘त्या काळी’, ‘पुढे काही वर्षांनी’ अशी वाक्यं घ्यावी लागली असणार. मैत्रिणीला खटकलं ते बहुधा हेच. ‘असं नव्हतं’ म्हणताना तिला पहिली बायको नको होती असं नाही. तिची दुकानातली दुपार मोडली, ते तिला लागलं. फक्त तिला ते तसं म्हणता आलं नाही.

एवढं वाचून झालं की मग फोन करायचा. लिहून विचारू नका, निदान पहिला प्रश्न तरी. संदेशात पाच प्रश्न पाठवले की उत्तर शेवटच्या प्रश्नाचं येतं, आणि तेही एका शब्दात. आवाजात मात्र अडखळणं ऐकू येतं, आणि आपल्याला तेच ऐकायचं असतं.

पहिला प्रश्न थांबण्याबद्दलचा : ‘तू तिथे का थांबलीस?’ हा प्रश्न फार जण विचारत नाहीत, कारण आपण धरून चालतो की अडली म्हणून थांबली. पण माणसं वेगवेगळ्या कारणांनी थांबतात. कोणी वेळ संपली म्हणून थांबतं, कुकरची शिट्टी झाली म्हणूनही थांबतं. कोणी मुद्दाम थांबतं, जोडीदाराला जागा द्यायची म्हणून. कोणाला पुढचा प्रसंग दिसत असतो पण तो लिहायची भीती वाटते. घरातल्याच कोणाची तरी कळशी असते ती. आणि कोणाला खरंच काही दिसत नसतं. चौघांना पुढचा प्रश्न वेगवेगळा विचारावा लागतो. भीती वाटणाऱ्या बाईला ‘पुढे काय?’ विचारलंत तर ती ‘तूच ठरव’ म्हणून सुटका करून घेईल. तिला विचारायचं ते एवढंच, की यातलं काय तसंच राहायला हवं आणि काय बदललं तर चालेल.

तुमच्या मैत्रिणीबाबत मला एक खूण बोलकी वाटते. ती वाक्य पूर्ण करून थांबलेली नाही. ‘आणि शोभा म्हणाली,’ आणि स्वल्पविराम. ज्याला पुढचं दिसत नाही तो सहसा पूर्णविरामापाशी थांबतो. ‘घालू ना मोडीत?’ ही त्यासाठी अगदी सोयीची जागा होती. ती ओलांडून ‘म्हणाली,’ लिहिणाऱ्या बाईच्या तोंडात एक वाक्य होतं. हेमिंग्वे सांगायचा, की पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच दिवसाचं लिखाण थांबवावं, म्हणजे उद्या धागा सापडतो. तुमच्या मैत्रिणीने जाणूनबुजून तसं केलं असेल वा नसेल, पण स्वल्पविराम तेच सांगतोय. म्हणून दुसरा प्रश्न सगळ्यात लहान असावा : ‘शोभा काय म्हणाली?’

कथेचं पुढे काय होणार, शोभाचं काय होणार, हे काही नाही. फक्त ते एक वाक्य. ‘तुझ्या डोक्यात जे पहिलं आलं होतं ते सांग, बरोबर असायला पाहिजे असं नाही.’ माणसाला दिशा सांगता येत नाही पण वाक्य सांगता येतं. आणि त्या एका वाक्यात दिशा असते. बघा, मी दोन तऱ्हा लिहून दाखवते.

“‘घाला,’ शोभा म्हणाली. दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. ‘नाव घासून काढू का आधी? काही जणांना तसं बरं वाटतं.’ ‘वितळल्यावर राहतंय कुठे,’ ती म्हणाली आणि पिशवीतला पुढचा डबा काढून काट्याशेजारी ठेवला.”

“‘थांबा जरा,’ शोभा म्हणाली. ‘बाकीचं तेवढं घाला.’ ‘आजचा भाव उद्या नसतो हं, ताई.’ शोभाने कळशी मांडीवर घेतली. मामा. आईंना मामा होते? त्यांच्या माहेरचं कोणी आलेलं तिला आठवत होतं ते एकदाच, आणि ते बाहेरच्या ओटीवर पाणी पिऊन गेले होते.”

पहिल्या तऱ्हेत शोभाला इंदू कोण हे ठाऊक तरी आहे, किंवा ठाऊक करून घ्यायचं नाही. ‘इंदू कोण?’ ही वाचकाची अडचण आहे, तिची नाही. कथेचा प्रश्न ‘ही बाई अशी का वागतेय?’ हा झाला, आणि उत्तर तिच्या नि सासूच्या संबंधात शोधावं लागणार. दुसऱ्या तऱ्हेत शोभा आणि वाचक एकाच पायरीवर उभे आहेत, दोघांनाही माहीत नाही. इथे शोध आहे. एका शब्दाने, ‘घाला’ की ‘थांबा’, कथेची जात बदलली. मैत्रीण ‘घाला’ म्हणाली असती तर तुमची चार पानं पहिल्याच ओळीला गळून पडली असती, आणि तुमची मेहनत वाचली असती.

तिसरा प्रश्न त्या इंदूच्या वाक्याबद्दल, आणि तो मजकुरावर बोट ठेवून विचारायचा : ‘घरात इंदू नावाचं कोणी नव्हतं, हे शोभाला वाटतंय की तू मला सांगते आहेस?’ हा प्रश्न ऐकून लेखिका बहुधा क्षणभर गप्प होते, कारण तिने तसा विचार केलेला नसतो. तो क्षण तिला द्या, मधे बोलू नका. ‘शोभाला वाटतंय’ असं उत्तर आलं की सासूबाईच इंदू असण्याचं दार उघडलं. ‘मी सांगतेय’ असं आलं की बाहेरची बाई आली, आणि मग तुमची पहिली बायकोसुद्धा विचारात घेण्यासारखी आहे.

आणि चौथा, त्या तीन अक्षरांचा : ‘चि. सौ. कां. मुद्दाम लिहिलंस की सवयीने?’ असं विचारताना सूर तपासणीचा नको. ‘सवयीने’ हे उत्तरही तितकंच उपयोगाचं आहे. मग तुम्ही दोघी मिळून ठरवू शकता, की आता पडलंच आहे तर वापरायचं, की काढून नुसतं ‘इंदूस’ ठेवायचं. मजकुरात काही खुणा लेखिकेने पेरलेल्या असतात आणि काही वाऱ्याने येऊन पडलेल्या. पुढे लिहिणाऱ्याला हा फरक कळला नाही तर तो वाऱ्याने पडलेल्यावर अख्खी इमारत उभी करतो आणि पेरलेलं तुडवत जातो. १९६८ या आकड्याचंही तसंच. तो कुठून आला हे विचारा. ‘शोभाच्या नवऱ्याचा जन्म सत्तरचा धरला होता’ असं काही निघालं तर सासूबाई इंदू असण्याला आणखी जोर आला. ‘सहज सुचला’ असं म्हणाली तर आकडा मोकळा आहे, तुम्ही हवा तसा हलवा.

एका बैठकीला एवढे चार प्रश्न पुष्कळ झाले. कळशीचं काय होतं, शेवट सुखाचा की दुःखाचा, कथा ‘कशाबद्दल’ आहे, हे आत्ता विचारू नका. शेवटचा तर अजिबात नको. ‘कथेचा विषय काय?’ विचारलं की बाई ‘स्त्रीची पुसलेली ओळख’ असं काहीतरी उत्तर देते, ते ऐकायला छान वाटतं, आणि मग दोघीही त्या उत्तराला शोभेल असं लिहायला लागतात. शोभा दुकानात उभी राहून ओळखीवर बोलायला लागते. मग माझ्यासारखीला ती वाक्यं छाटत बसावं लागतं.

प्रश्नात आपल्या कल्पना दडवून विचारणं ही यातली सगळ्यात मोठी चूक. ‘इंदू म्हणजे सासऱ्यांची पहिली बायको, की शेजारीण, की मोलकरीण?’ असं विचारलंत की तुम्ही प्रश्न विचारलेला नसतो, वाढपी होऊन ताट पुढे केलेलं असतं. समोरची भिडेखातर काहीतरी उचलते. पर्याय द्यायचेच असतील तर ते मजकुरातून निघालेले असावेत, ‘शोभाला वाटतंय की तू सांगतेयस’ यासारखे, ज्यांत तुमचं काहीच भरलेलं नाही.

उत्तर खरं की भिडेचं हे ओळखायची माझी एक ढोबळ पद्धत आहे. ‘चालेल’, ‘हो, तसंही करता येईल’ हे मी नकार समजते. त्यात दिशा नाही, सौजन्य आहे. याउलट ‘नाही नाही, शोभा असं कधीच म्हणणार नाही!’ असं उसळून आलेलं उत्तर सोन्यासारखं. लेखिकेला शोभा कोण आहे ते त्या क्षणी तिच्या नकळत कळलेलं असतं. तिथे लगेच विचारायचं, ‘का नाही म्हणणार?’ आणि ती जे सांगेल ते शब्दशः उतरवून घ्यायचं. मैत्रीण जी वाक्यं अशी तावातावाने बोलते, त्यांतली काही थेट कथेत जातात.

मग प्रश्न मापाचा. तो चौथ्या प्रश्नाच्या उत्तरानंतर, आणि तो तुम्हीच तुमच्यासाठी सोडवू शकता. तीन हजारांतले चारशे खर्च झाले, सव्वीसशे उरले. ‘आपण दुकानातून बाहेर पडायचं का?’ एवढंच तिला विचारा. दुकानातच राहायचं असेल तर जे काही कळायचं ते काट्याशेजारी कळलं पाहिजे : दुकानदाराच्या बोलण्यातून, दुसऱ्या एखाद्या भांड्यावरच्या नावातून, शोभाने नवऱ्याला केलेल्या फोनमधून. बाहेर पडायचं असेल तर कुठे, आणि त्याच दिवशी का, हे ठरवावं लागेल. शोभा कळशी घेऊन सासूच्या माहेरगावी जाणार असेल, तर सुरुवातीची ती सावकाश चाल पुढे टिकणार नाही, आणि तसं असेल तर सुरुवातच थोडी आवळावी लागेल. हे मैत्रिणीला आधी सांगा. आपल्या परिच्छेदाला कात्री लागणार हे नंतर कळलं की माणूस फार दुखावतो.

आता समजा, तिला काहीच दिसत नाही. शोभाचं वाक्यही नाही, इंदू कोण तेही नाही, ती खरंच अडली म्हणून थांबली आहे. मग आणखी प्रश्न विचारणं हानिकारक ठरतं. विचारलं की माणूस उत्तर बनवतो, आणि एकदा तोंडातून गेलं की त्याला धरून बसतो. तुम्हीही ‘तूच तर म्हणालीस’ म्हणून धरता. अशा वेळी प्रश्न थांबवून लिहून दाखवावं, पण चार पानं नाही. वर मी लिहिले तसे पाच-सहा ओळींचे दोन तुकडे लिहा, दोन्ही मनापासून, आणि नुसतं विचारा, ‘यातली शोभा कोणती?’ ती एक निवडेल, किंवा बहुधा म्हणेल, ‘पहिलीसारखी, पण ती एवढी तुटक नाही बोलणार.’ ते ‘पण’ पकडायचं. तुकडे लहान का, तर ते फेकून देताना तुमच्या जिवावर येऊ नये, आणि नाकारताना तिच्याही.

शेवटाबाबत दोघींनी अगदी सुरुवातीला एक गोष्ट केलेली बरी असते. लंडनच्या डिटेक्शन क्लबच्या लेखकांनी १९३१मध्ये ‘द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल’ ही रहस्यकथा एकेकाने एकेक प्रकरण लिहून पूर्ण केली. आधीच्यांनी काय योजलंय हे पुढच्याला सांगायचं नाही, पण लिहिताना प्रत्येकाच्या मनात स्वतःची एक निश्चित उकल असलीच पाहिजे, असा त्यांचा नियम होता. वेगवेगळ्या उकली पुस्तकाच्या शेवटी छापल्याही आहेत. नियमामागचं कारण व्यवहारी होतं : मनात काही नसताना नुसती गुंतागुंत वाढवून पुढच्याच्या गळ्यात घालू नये. जोडीने लिहिणाऱ्यांनी त्यातला अर्धा भाग उचलावा. दोघींनी आपापल्या कागदावर, एकमेकींना न दाखवता, दोन ओळी लिहायच्या : शेवटच्या प्रसंगात कळशी कुठे आहे आणि तिच्याजवळ कोण आहे. काय घडलं ते लिहायचं नाही. मग कागद बदलायचे. एकीने ‘भट्टीत, कोणीही नाही’ लिहिलं आणि दुसरीने ‘शोभाच्या मुलीच्या घरी, फुलं घालून ठेवलेली’ लिहिलं, तर तुमचे मार्ग किती फाकले आहेत ते सव्वीसशे शब्द लिहायच्या आधीच कळेल. दोघींची जागा एकच आली तर मधलं कोण कसं लिहितं याची फार चिंता करू नका.

कधी कधी जागा वेगळ्या येतात आणि दोघीही हटत नाहीत. मग सुरुवात जिची, शेवटावरचा शेवटचा शब्द तिचा, असं मी सांगते. यात न्याय-अन्याय काही नाही. त्या सुरुवातीत ज्या न कळत घेतलेल्या निर्णयांबद्दल वर लिहिलं ते तिच्या हातात जास्त आहेत, एवढंच कारण. बदल्यात मधल्या भागातल्या माणसांची बोलणी कशी असावीत यावर तुमचा शब्द चालावा. हे आधी बोलून घ्या, अंकाची मुदत आठवड्यावर आल्यावर नको.

तुमची चार पानं टाकू नका, पण या कथेत दामटूही नका. मैत्रिणीने ‘मी सांगतेय’ असं उत्तर दिलं आणि ‘थांबा’ हे शोभाचं वाक्य निघालं, तरच पहिल्या बायकोला इथे जागा आहे, आणि तीही दुकानदाराच्या किंवा नवऱ्याच्या चार-पाच वाक्यांपुरती. उरलेलं, सासऱ्यांचं पहिलं लग्न आणि घरातलं मौन, ही स्वतंत्र कथा आहे. तिची सुरुवात मोडीच्या दुकानात होत नाही, त्या घरात होते, आणि ती तुमची एकटीची असू शकते.

मैत्रिणीला आज पाठवायचा असेल तर एवढाच संदेश पाठवा : ‘माझी पानं बाजूला ठेव. तुझं परत वाचलं. शोभा “घाला” म्हणणार होती की “थांबा”, की तिसरंच काही? संध्याकाळी फोन करते, तोवर ठरवू नकोस, नुसतं आठवून बघ.’